तीन मिनिटांचं भाषण: पाठीवरचं मूल, मधले विराम आणि चार हातवारे

डिसेंबर संपत आला की शाळेच्या फलकावर सूचना लागते: 3 जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त वक्तृत्व स्पर्धा, गट पाचवी ते सातवी, वेळ तीन मिनिटं. मग घरोघरी धावपळ सुरू होते. कुणी तयार भाषण शोधतं, कुणी मागच्या वर्षीचं ताईचं भाषण काढतं. स्पर्धेच्या दिवशी एकामागून एक मुलं येतात आणि तेच क्रमाने सांगून जातात: जन्म, लग्न, शाळा, शेण, मृत्यू. मी गेली बरीच वर्षं पाचवी-सहावीच्या मुलांची या स्पर्धेसाठी तयारी करून घेते. इथे एक पूर्ण भाषण देते आणि त्यातलं कुठलं वाक्य कसं म्हणायचं, हात कुठे उचलायचा, कुठे नाही, हे त्याच भाषणावर दाखवते.

आधी वेळेचं गणित. दहा-अकरा वर्षांचं मूल व्यासपीठावरून नीट, विराम घेत बोलतं तेव्हा मिनिटाला साधारण नव्वद शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांत जास्तीत जास्त अडीचशे-पावणेतीनशे शब्द. पालक बहुतेक वेळा चारशे-साडेचारशे शब्द लिहून देतात, आणि मग मुलाला गाडी सुटल्यासारखं पळावं लागतं. तिथे आवाजाचे चढउतार शिकवायला जागाच उरत नाही. म्हणून पहिलं काम कापण्याचं.

दुसरं काम, एक प्रसंग निवडण्याचं. सावित्रीबाईंच्या सगळ्या आयुष्याची यादी तीन मिनिटांत होत नाही. मी शेवटचा प्रसंग घेते: 1897 च्या प्लेगमध्ये त्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, तो. भाषण तिथून सुरू होतं, मागे जातं आणि पुन्हा तिथेच येतं. एकच चित्र दोनदा दिसलं की ऐकणाऱ्याच्या मनात राहतं, आणि मुलालाही पाठ करायला सोपं जातं.

भाषण असं. यात । ही खूण दिसली की मनात "एक" म्हणेपर्यंत थांबायचं, ॥ दिसली की "एक, दोन, तीन" म्हणेपर्यंत. पूर्णविरामाला नेहमीसारखा श्वास.

पाठीवरचं मूल

1897 साल. ॥ पुण्यात प्लेग आलाय. । काखेत गाठ आली, । ताप चढला, । की माणूस वाचेल याची खात्री नाही. ॥ लोक आजाऱ्यापासून लांब पळतायत. । पण एक बाई । आजाऱ्याकडे चालली आहे. ॥ वय । सहासष्ट. । पाठीवर । एक आजारी मूल. ॥

नमस्कार. आज मी त्या बाईंबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव । सावित्रीबाई फुले. ॥

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. । लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. । माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान! ॥ जोतिरावांनी त्यांना शिकवलं. । पण त्या नुसत्या शिकल्या नाहीत. । त्या शिकवायला लागल्या. ॥ 1848 साली पुण्यात, भिडे वाड्यात, । जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. ॥

शाळेत जाताना लोक शिव्या द्यायचे. । शेण फेकायचे. ॥ सावित्रीबाई काय करायच्या? । पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जायच्या. । शाळेत पोचलं, । की शेणानं भरलेलं लुगडं बदलायचं । आणि शिकवायला उभं राहायचं. ॥ उद्या पुन्हा तेच. । परवा । पुन्हा तेच. ॥

आता परत 1897 मध्ये या. । प्लेगच्या रुग्णांसाठी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडलाय. तिथे सावित्रीबाईंचा मुलगा, डॉक्टर यशवंत, उपचार करतोय. । मुंढव्यात एक मूल आजारी असल्याचं सावित्रीबाईंना कळलं. । त्या स्वतः गेल्या. । त्यांनी मूल उचललं, । पाठीवर घेतलं, । आणि चालायला लागल्या. ॥ मूल दवाखान्यात पोचलं. ॥ पण सावित्रीबाईंना । प्लेग झाला. ॥ 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ॥

मी रोज शाळेत येताना दप्तर पाठीवर घेते. । त्यात माझं पुस्तक असतं. ॥ त्या पुस्तकापर्यंत मला कुणीतरी आणून पोचवलंय. । स्वतःच्या पाठीवरून. ॥ धन्यवाद.

हे मोजून पाहिलंत तर दोनशेच्या आसपास शब्द भरतील. विराम धरले तरी अडीच-पावणेतीन मिनिटांत बसतं. मुलगा बोलणार असेल तर शेवटी "दप्तर पाठीवर घेतो" करा, आणि वय वेगळं असेल तर "एक वर्षानं लहान" हेही बदला. मुलाच्या हातातल्या कागदावर मात्र साल आकड्यात ठेवू नका. "अठराशे सत्त्याण्णव", "अठराशे एकतीस" असं अक्षरात लिहा. ऐन वेळी आकडा आठवताना मुलं "अठराशे… सत्त्याऐंशी" म्हणून जातात आणि चुकलं हे कळताच पुढचं सगळं डळमळतं.

यात "देशातली मुलींची पहिली शाळा" असं म्हटलेलं नाही, हे मुद्दाम. मिशनऱ्यांनी मुलींसाठी काढलेल्या शाळा मुंबईत त्याआधी होत्या. जाणकार परीक्षक असला तर एवढ्या एका शब्दावर अडतो. आणि शेणाचे गोळे अंगावर घेत रोज शाळेत जाण्यातलं मोल "पहिली" म्हटलं नाही म्हणून कमी होत नाही. सुरुवातीचं "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" हेही काढलं आहे. शाळेचा आग्रह असेल तर "नमस्कार"च्या जागी एका ओळीत घाला, पण भाषणाची सुरुवात प्लेगनेच होऊ द्या.

आवाज

मुलाला शिकवताना सगळ्यात मोठा घोटाळा आपणच करतो. मूल घाईत बोलायला लागलं की आपण म्हणतो, "हळू बोल." मराठीत "हळू"चे दोन अर्थ आहेत, सावकाश आणि हलक्या आवाजात. मूल बिचारं आवाज खाली आणतं आणि वेग तोच ठेवतं. म्हणून हा शब्दच तयारीतून काढून टाका. वेगासाठी "सावकाश", आवाजासाठी "हलक्या आवाजात". दोन्ही वेगवेगळं करून दाखवा: मोठ्या आवाजात सावकाश, हलक्या आवाजात भरभर. दहा मिनिटांचा हा खेळ झाला की पुढच्या सगळ्या सूचना मुलाला बरोबर कळतात.

पहिला परिच्छेद सावकाश आणि खालच्या पट्टीत. "1897 साल" हे ओरडून सुरू करायचं नाही. सभागृहात तेव्हा कुजबुज चाललेली असते, आणि मुलांना वाटतं की तिच्यावर आवाज चढवला पाहिजे. उलट साधं, स्पष्ट वाक्य म्हणून तीन मोजेपर्यंत थांबलं की कुजबुज आपोआप विरते. हा विराम मुलांना फार लांब वाटतो. त्यांना सांगा की तुला लांब वाटतोय तो आतून, ऐकणाऱ्याला तो बरोबर वाटतो. "वय । सहासष्ट." इथे आकड्यावर जोर, पण आवाज वर न नेता.

दुसरा भाग नेहमीच्या गप्पांच्या वेगात. इथे मुद्दाम थोडं वेगात जायचं, म्हणजे पुढे सावकाश गेल्याचं जाणवतं. "माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान!" हे खरं आश्चर्य आहे, तेव्हा पट्टी वर जाऊ द्या आणि समोर बसलेल्या आपल्याच वर्गाकडे बघू द्या. "शिकल्या नाहीत" आणि "शिकवायला लागल्या" या जोडीत जोर "व"वर हवा: शिकवायला. तो गेला नाही तर दोन्ही शब्द एकच ऐकू येतात आणि वाक्याचा अर्थच हरवतो.

शेणाच्या परिच्छेदात बहुतेक मुलं रागाने ओरडतात, कारण तसं त्यांना शिकवलेलं असतं. मी तिथे साधा आवाज ठेवते. शिव्या आणि शेण हे शब्दच पुरेसे कडक आहेत. "सावित्रीबाई काय करायच्या?" हा प्रश्न मुलं शेवटच्या शब्दावर आवाज उंच नेऊन विचारतात. घरी आई "काय करतोस रे?" विचारते तेव्हा तिचा जोर कुठे असतो ते ऐका. तो "काय"वर असतो आणि पुढे आवाज उतरतो. तसंच इथेही. "उद्या पुन्हा तेच. परवा पुन्हा तेच." यातलं दुसरं वाक्य मोठ्याने म्हणायचं नाही. ते अधिक सावकाश आणि सपाट म्हणायचं, कंटाळवाण्या, न संपणाऱ्या दिवसांसारखं.

चौथा भाग भाषणाचा कणा आहे. "उचललं", "घेतलं", "लागल्या" ही तीन क्रियापदं म्हणजे तीन पावलं. प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित सावकाश. "मूल दवाखान्यात पोचलं" इथे सुटकेचा श्वास ऐकू आला पाहिजे. मग लांब विराम, आणि "पण सावित्रीबाईंना । प्लेग झाला" हे अगदी कोरड्या आवाजात. इथे रडवेला स्वर शिकवू नका. आमच्या शाळेतल्या एका मुलीला कुणीतरी इथे हुंदका द्यायला शिकवलं होतं. तिने तो दिला आणि मागच्या बाकावर मुलं खुदकन हसली. त्यानंतर तिला शेवटची चार वाक्यं नीट म्हणताच आली नाहीत. पुढच्या वर्षी तीच मुलगी हे वाक्य साध्या आवाजात म्हणाली, आणि सभागृहात कुणी हललं नाही.

शेवटचा परिच्छेद मुलाच्या स्वतःच्या आवाजात. "बोलायचा आवाज" बाजूला ठेवून, मैत्रिणीला सांगावं तसा.

एक दोष मात्र सगळ्या भाषणभर पसरतो: हेल. प्रत्येक वाक्य एकाच चालीत चढतं आणि शेवटचं अक्षर लांबतं, "आलायऽऽ", "फेकायचेऽऽ". तो ओळखायची सोपी रीत अशी की मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि मुलाला म्हणा, "आता शब्द सोड, नुसती चाल गुणगुण." पाढे म्हटल्यासारखी एकच चाल पुन्हापुन्हा येत असेल तर तो हेल आहे. "हेल काढू नकोस" असं सांगून तो जात नाही. कागद काढून घ्या आणि मुलाला हाच प्रसंग आजीला गोष्ट म्हणून सांगू द्या, स्वतःच्या शब्दांत. त्या वेळी आवाज जिथे खरोखर चढतो-उतरतो, त्या जागा पेन्सिलने भाषणात टिपा. चाल तिथून घ्यायची.

उच्चार, फक्त याच भाषणातले

"जायच्या" हा एकच शब्द दहा वेळा म्हणून घ्या. त्यातला "जा" जीभ दातांमागे टेकवून म्हणायचा, "जास्त"मधल्यासारखा, आणि "च्या" टाळूला लावून, "चहा"मधल्या चसारखा. "आजारी", "चढला", "उचललं", "चालायला" हे दातांकडचे. "जन्म", "जोतिराव" हे टाळूचे. "माझं"मधला झ दातांकडचा आणि "माझ्यापेक्षा"मधला टाळूचा. हिंदी-इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे सगळेच टाळूला जातात, त्यांना इथे वेळ द्या.

"शेण", "पण", "आणि" यांतला ण नीट यायला हवा. घरच्या बोलीत न असेल तर मुलाची बोली चुकीची आहे असं चुकूनही म्हणू नका. व्यासपीठावरच्या या दोन-तीन शब्दांपुरती जीभ वर वळवायची, एवढंच सांगा. घरचं बोलणं तुच्छ ठरवलेलं मूल व्यासपीठावर तोंड उघडायलाच घाबरतं.

चार हातवारे

तीन मिनिटांत चार हातवारे पुरतात. आकाश म्हटलं की वर बोट, मी म्हटलं की छातीवर हात, असं शब्दाला हात जोडत गेलं की ते बालवाडीचं अभिनयगीत होतं.

पहिला, "पाठीवर । एक आजारी मूल": उजवा हात डाव्या खांद्यावर, शालीचं टोक धरल्यासारखा. फक्त हात, अंग वाकवायचं नाही. दुसरा, "दुसरं लुगडं": डावा हात खाली, पिशवी धरल्यासारखी मूठ. तिसरा, "उचललं, पाठीवर घेतलं": दोन्ही हात पुढे, मग मागे, आणि खांदे किंचित पुढे वाकतात. "चालायला लागल्या" म्हणताना एकच पाऊल पुढे. खांदे "प्लेग झाला" म्हणेपर्यंत वाकलेलेच राहतात, आणि "10 मार्च" म्हणताना सावकाश सरळ होतात. हे जमलं तर बाकी सगळं थोडं कमी पडलं तरी चालेल. चौथा, "दप्तर पाठीवर घेते": दोन्ही अंगठे दप्तराच्या पट्ट्यांत अडकवल्यासारखे. मघाशी जिथे मूल होतं तिथेच आता दप्तर आलं, हे बघणाऱ्याला न सांगता दिसतं.

हात आधी, शब्द मागून. मुलं शब्द म्हणून झाल्यावर आठवल्यासारखा हात उचलतात, आणि तो हात शिकवलेला आहे हे लगेच कळतं. हात उठला की विराम संपेपर्यंत तिथेच ठेवायचा, मग खाली. कोपर बरगड्यांना चिकटलेलं असलं तर हातवारा चिमुकला दिसतो. एक वीत अंतर सोडा. बाकी वेळ हात बाजूला मोकळे. फ्रॉकची कड किंवा चड्डीची शिवण चिमटीत धरायची सवय बहुतेकांना असते, म्हणून सराव आरशासमोर करून घेण्यापेक्षा मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवा. आरशात मूल स्वतःच्या डोळ्यांकडेच बघत राहतं.

नजरेसाठी मागच्या रांगेतली तीन माणसं धरा: डावीकडे एक, मधे एक, उजवीकडे एक. एक वाक्य एका माणसाला. परीक्षकांकडे टक लावायची गरज नाही.

माइक

हे भाषण प आणि फ यांनी भरलेलं आहे: प्लेग, पुण्यात, पाठीवर, पिशवीत, फुले, पुस्तक. माइक तोंडासमोर जवळ असला की यातल्या प्रत्येक अक्षराला "फट्" असा आवाज येतो. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि हनुवटीच्या थोडा खाली हवा, म्हणजे श्वास त्याच्यावरून निघून जातो. उभ्या दांडीचा माइक आधीच्या उंच मुलाच्या मापाचा राहिलेला असतो. तो खाली करून मागायला मुलाला शिकवा: "सर, माइक थोडा खाली करता का?" हे वाक्यही सरावात म्हणून घ्या, नाहीतर मूल टाचा उंचावून तीन मिनिटं उभं राहतं.

हातात धरायचा माइक मिळाला तर एकच हात मोकळा उरतो. मग तिसरा हातवारा एका हाताचा करावा लागतो आणि पिशवीचा गाळावा लागतो. म्हणून एक-दोन दिवस हातात लाटणं देऊन सराव घ्या. दप्तराच्या पट्टीलाही एकच अंगठा.

पाठांतर आणि विसरणं

ओळीमागून ओळ पाठ केलेलं भाषण मधेच तुटलं तर मूल पहिल्या वाक्याकडे परत जातं. म्हणून पाच चित्रं पाठ करून घ्या: पाठीवर मूल, नायगावची नवरी, पिशवीतलं लुगडं, माळावरचा दवाखाना, दप्तर. मुलाने ती वहीत स्वतः काढावीत, कशीही. मग मी मधूनच म्हणते, "लुगडं!" आणि मुलाने तिथून पुढे बोलायचं. "दवाखाना!" तिथून पुढे. चार दिवसांत कुठूनही सुरू करता येतं. स्पर्धेत वाक्य निसटलं तर पुढच्या चित्रावर जायचं, मागे नाही. आपल्याकडे विराम इतके आहेत की निसटलेलं कुणाला कळतही नाही.

आठ दिवस असतील तर पहिले दोन दिवस कागदाशिवाय नुसती गोष्ट, पुढचे तीन शब्द आणि विराम, आणि हात सहाव्या दिवसापासून. हात आधी शिकवले तर मूल शब्दांऐवजी हातांचा क्रम आठवत बसतं. आदल्या दिवशी एकदाच म्हणून घ्या आणि त्या दिवशी काहीही बदलू नका, अगदी चांगलं सुचलं तरी.

सूचनेची घंटा कधी होते ते आयोजकांना विचारून ठेवा आणि सरावात त्या वेळी ताटलीवर चमचा वाजवा, म्हणजे घंटेने मूल दचकत नाही. ती दवाखान्याच्या आधीच झाली तर "मुंढव्यात" या वाक्यावर थेट उडी घ्यायची, हेही एकदा करून पाहा.

शेवटचं "धन्यवाद" मुलं पळता पळता म्हणतात आणि पायऱ्यांवर पोचलेली असतात. "स्वतःच्या पाठीवरून" म्हटल्यावर दप्तराचे अंगठे सोडायचे, हात खाली, मनात तीन मोजायचे, समोर बघून "धन्यवाद", पुन्हा दोन मोजायचे, आणि मग वळायचं.